मॅकबुकवर गेम घ्यायचाय? आधी कागदावर यादी करा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा राजारामपुरीतल्या आमच्या घरी आला तो लॅपटॉपची बॅग आणि एक तक्रार घेऊनच. "मामा, एवढं महागाचं मशीन, पण ह्यावर एक गेम धड चालंना." मशीन म्हणजे मॅकबुक एअर, एम१ चिपचं, ८ जीबी मेमरी आणि २५६ जीबी डिस्क. इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा घेतलेलं. कॉलेजची कामं त्यावर झकास होतात, पण मित्रांकडे विंडोजचे गेमिंग लॅपटॉप, आणि रात्री सगळे खेळायला बसले की हा नुसता बघत बसतो.

मी त्याला एक कोरा कागद दिला आणि म्हटलं, जे जे खेळायचंय ते लिही, आवडीच्या क्रमानं. कोल्हापूरचं पोरगं, त्यामुळे पहिलं नाव फुटबॉलचंच निघालं: ईए एफसी. मग व्हॅलोरंट, बाल्डर्स गेट थ्री, जीटीए फाइव्ह, पोर्टल टू, आणि शेवटी त्याच्या बहिणीसाठी स्टारड्यू व्हॅली. ही सहा नावं चाळणीतून काढताना जे केलं तेच खाली सविस्तर लिहितोय, कारण मॅकवर काय चालतं याच्या तयार याद्या फारशा कामाच्या नसतात. त्या यादीत तुमची मेमरी नसते, तुमची डिस्क नसते आणि तुमच्या घरचं वायफाय तर नसतंच. खरा प्रश्न असा विचारायचा: हा गेम माझ्या मशीनवर कोणत्या वाटेनं येणार, आणि त्या वाटेवर तो कुठे अडणार?

आधी स्वतःचं मशीन ओळखा

वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या सफरचंदावर क्लिक करून About This Mac उघडा. तिथे तीन गोष्टी बघायच्या: चिपचं नाव, मेमरी आणि मॅकओएसची आवृत्ती. चिपच्या जागी एम१, एम२ असं काही दिसलं तर ती ॲपलची स्वतःची चिप. नोव्हेंबर २०२० पासून असे मॅक बाजारात आले. इंटेल लिहिलेलं असेल तर मशीन जुन्या पिढीचं आहे. त्यावर बूट कॅम्पनं विंडोज टाकता येतं, ही त्याची जमेची बाजू. पण २०२५ साली आलेली मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती आहे, त्यामुळे नवे मॅक गेम घेताना तिकडे हात आखडताच ठेवावा. नव्या चिपवर बूट कॅम्प चालत नाही. दुकानदार किंवा मित्र "विंडोज टाकून देतो की" म्हणाला तर हे लक्षात असू द्या.

मेमरीचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. विंडोजच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये मुख्य मेमरी वेगळी आणि ग्राफिक्स कार्डाची वेगळी असते. ॲपलच्या चिपमध्ये एकच सामायिक मेमरी असते आणि त्याच ८ जीबीत मॅकओएस, ब्राउझर, गेम आणि गेमची चित्रं असे सगळे दाटीवाटीनं बसतात. म्हणून मॅकवर ८ जीबी असेल तर मोठ्या गेमच्या वाट्याला प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी मेमरी येते. सायबरपंक २०७७ जुलै २०२५ मध्ये मॅकवर आला. त्याला एम१ चालते, पण मेमरी किमान १६ जीबी लागते. म्हणजे भाच्याच्या मशीनसाठी तो तिथेच बाद. चिप कमी पडत नाही, मेमरी पडते.

एअरमध्ये पंखा नाही हेही कागदावर लिहून ठेवा. त्याचा हिशोब पुढे येतोय.

पहिली चाळण: फसवणूकविरोधी सॉफ्टवेअर

लोक आधी ग्राफिक्स, एफपीएस म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात ते, वगैरे बघतात. मी आधी बघतो की गेम ऑनलाइन स्पर्धेचा आहे का, आणि असेल तर त्याला कुठलं अँटी-चीट आहे. त्या एका प्रश्नात अर्धी यादी निकालात निघते.

व्हॅलोरंटला व्हॅनगार्ड नावाचं अँटी-चीट आहे. ते विंडोजच्या अगदी गाभ्यात, कर्नलमध्ये बसतं. मॅकवर तो गाभाच नाही, त्यामुळे विंडोजचं सोंग आणणाऱ्या कुठल्याही सॉफ्टवेअरमधून व्हॅलोरंट चालत नाही. यूट्यूबवर "व्हॅलोरंट ऑन मॅक" म्हणून दाखवणारे व्हिडिओ सापडतील, पण त्यांत दिवस घालवू नका. भाच्याच्या कागदावर मी त्या नावावर सरळ काट मारली. तोंड एवढंसं झालं त्याचं, पण दोन दिवस खटपट करून तेच कळण्यापेक्षा हे बरं. त्याच कंपनीचा लीग ऑफ लेजंड्स मात्र मॅकवर अधिकृतपणे आहे, हेही सांगितलं. काउंटर-स्ट्राइकही आता मॅकवर नाही. २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक टू आला तेव्हा मॅक वगळलं गेलं. डोटा टू मात्र मॅकवर राहिला.

ईए एफसीच्या पीसी आवृत्तीलाही असंच गाभ्यात बसणारं अँटी-चीट आहे, तो फिफा नावानं निघायचा तेव्हाच्या फिफा २३ पासून. म्हणजे तोही मॅकवर थेट नाही आणि सोंगातूनही नाही. पण त्याच्या नावावर काट मारली नाही, कारण त्याला एक वेगळी वाट आहे. जीटीए फाइव्हची गंमत वेगळी: सप्टेंबर २०२४ मध्ये ऑनलाइन भागाला बॅटलआय नावाचं अँटी-चीट लावलं गेलं, त्यामुळे मॅकवर ऑनलाइन भाग विसरा. एकट्यानं खेळायची कथा तेवढी शक्य राहते. नाव एकच, पण निकाल दोन.

स्टीमवरचं सफरचंद आणि त्याचा अर्थ

आता ज्यांची मॅक आवृत्ती असते असे गेम. स्टीम हे गेम विकणारं ऑनलाइन दुकान, त्यातल्या गेमच्या पानावर किमतीजवळ सफरचंदाचं छोटं चिन्ह दिसलं की लोक लगेच पैसे काढतात. जरा थांबा. त्या एका चिन्हामागे तीन वेगळ्या जाती असू शकतात.

पहिली जात ३२ बिटची. २०१९ मध्ये मॅकओएस कॅटालिना आली आणि ३२ बिटचे सगळे प्रोग्रॅम एका रात्रीत बंद पडले. पोर्टल टूची मॅक आवृत्ती याच जातीची आहे. गेम उत्तम, मॅकसाठी आलाही होता, पण आजच्या मॅकवर उघडत नाही. अशा गेमच्या पानावर खाली सिस्टीमच्या गरजा लिहिलेल्या असतात, तिथे कॅटालिना किंवा त्यापुढे चालत नाही अशी सूचना शोधायची. जुना गेम सवलतीत दीडशे-दोनशे रुपयांना दिसला की हे आधी वाचा. मी स्वतः असा एक घेऊन बसलो होतो आणि परतीची मुदत गेल्यावर उघडून बघितला.

दुसरी जात इंटेल मॅकसाठी लिहिलेल्या ६४ बिट गेमची. हे नव्या चिपवर रोझेटा नावाच्या दुभाष्याच्या मदतीनं चालतात. बऱ्याचदा तो मधे आहे हे कळतही नाही. पण ॲपलनं २०२५ मध्ये सांगितलंय की पूर्ण रोझेटा मॅकओएस २७ पर्यंत राहील, त्यानंतर जुन्या, सांभाळ न होणाऱ्या काही गेमपुरता त्याचा एक भाग ठेवला जाईल. म्हणजे आज एखादा लहान इंटेल गेम घेऊन दोन-तीन महिन्यांत संपवायचा असेल तर खुशाल घ्या. वर्षानुवर्षं खेळायचा असेल तर कंपनी अजून नव्या आवृत्त्या काढते का ते बघा.

तिसरी जात खरी देशी, म्हणजे ॲपल चिपसाठीच बांधलेली. बाल्डर्स गेट थ्री, नो मॅन्स स्काय, फॅक्टोरिओ ही तिची उदाहरणं.

गेम इन्स्टॉल केल्यावर तो कुठल्या जातीचा ते असं ओळखायचं: गेम चालू ठेवून Activity Monitor उघडा, CPU च्या यादीत Kind हा रकाना बघा. तिथे Apple लिहिलं असेल तर देशी, Intel असेल तर रोझेटातून. रकाना दिसत नसेल तर रकान्यांच्या नावांवर राइट क्लिक करून तो चालू करता येतो.

आयफोन-आयपॅडचे काही गेमही मॅक ॲप स्टोअरमधून या चिपवर चालतात, पण ते मॅकवर द्यायचे की नाही हे बनवणारा ठरवतो आणि मोठ्या गेमवाल्यांपैकी अनेकांनी नको म्हटलंय. दिले तरी स्पर्शासाठी बनवलेले गेम ट्रॅकपॅडवर खेळताना बोटं रडतात. म्हणून त्या वाटेला मी फारसा जात नाही.

कुठून विकत घ्यायचा

एकच गेम स्टीमवरही असतो आणि मॅक ॲप स्टोअरवरही. किंमत सारखी असली तरी मी स्टीमवरच घ्यायला सांगतो. तिथे घेतलेला गेम मॅक आणि विंडोज दोन्हींसाठी तुमचा होतो, त्यामुळे चार वर्षांनी पोरानं विंडोजचं मशीन घेतलं तरी पैसे वाया जात नाहीत. पण खरं कारण परतीचं आहे. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळण्याचा वेळ दोन तासांच्या आत असेल तर स्टीम पैसे परत देतं. मॅकवाल्यासाठी हे दोन तास म्हणजे चाचणीचं मैदान. ते कसे वापरायचे ते बाल्डर्स गेटच्या उदाहरणातून सांगतो.

दोन तासांची चाचणी

बाल्डर्स गेट थ्री मॅकवर सप्टेंबर २०२३ मध्ये आला. किमान गरज एम१ आणि ८ जीबी, म्हणजे भाचा अगदी उंबऱ्यावर उभा. जागा मात्र १५० जीबी. २५६ च्या डिस्कवर मॅकओएस, कॉलेजचं सॉफ्टवेअर आणि फोटो जाऊन त्याच्याकडे १२० जीबी मोकळे होते. इथे बाहेरची एसएसडी लागणार हे नक्की.

एसएसडी घेताना दोन चुका होतात. पहिली म्हणजे ती पाकिटातून आली तशीच वापरणं. ती बहुधा विंडोजला चालेल अशा पद्धतीनं फॉरमॅट केलेली असते आणि स्टीमला मॅकवर त्यावर नीट काम करता येत नाही. Disk Utility मध्ये जाऊन ती APFS पद्धतीनं पुन्हा फॉरमॅट करा, आधी त्यात काही नाही ना ते बघून. दुसरी चूक केबलची. मॅकबुक एअरच्या चार्जरसोबत आलेली केबल दिसायला तशीच असते, पण डेटासाठी ती जुन्या यूएसबी २ च्या वेगानं चालते. तिनं एसएसडी जोडली की गेममध्ये प्रत्येक नवा भाग उघडायला चहा पिऊन होतो. एसएसडीसोबत आलेली आखूड केबलच वापरा. मग स्टीमच्या सेटिंगमध्ये Storage मध्ये ती ड्राइव्ह जोडून गेम तिथे उतरवा. डाउनलोडचा वेळ त्या दोन तासांत धरला जात नाही, तेव्हा त्याची घाई नको.

चाचणीच्या आधी स्टीम पूर्ण बंद करा आणि टर्मिनलमध्ये हे टाका:

```
/bin/launchctl setenv MTL_HUD_ENABLED 1
```

आता स्टीम उघडून गेम चालू केला की कोपऱ्यात एक छोटा फलक दिसतो. त्यात एफपीएस आणि मेमरीचा वापर असतो. काम झालं की हाच आदेश शेवटी १ च्या जागी ० घालून दिला आणि स्टीम पुन्हा उघडलं की फलक जातो. आदेशात अंक इंग्रजीच टाका.

एक सावधगिरी: बाल्डर्स गेटमध्ये स्वतःचं पात्र घडवायला बसलात तर नाक-डोळे-केस करता करता तास कधी गेला कळत नाही, आणि तो तास घड्याळात मोजला जातो. चाचणीसाठी तयार पात्र घ्या आणि सरळ खेळायला लागा. गेम उघडून जेवायला जाऊ नका, मेन्यूवर पडून राहिलेला वेळही खेळल्याचाच धरतात.

रिझोल्यूशन आधीच उतरवून घ्या. एअरचा पडदा २५६० बाय १६०० चा आहे, तेवढ्यावर एम१ ला मोठा गेम झेपत नाही. १४४० बाय ९०० किंवा त्याहून खाली या, दर्जा लो ठेवा, लहान चित्र मोठं करून दाखवणारं एफएसआर चालू करा आणि फ्रेम ३० वर बांधून टाका. हा गेम आळीपाळीनं चाली करण्याचा, त्याला ३० पुरतात. बांधलेले ३० हे २५ आणि ४५ च्या मधे हेलकावणाऱ्या आकड्यापेक्षा डोळ्यांना बरे वाटतात, आणि मशीनही कमी तापतं.

मग किमान ४० मिनिटं सलग खेळा. पहिल्या दहा मिनिटांवरून काहीच ठरवू नका. पंखा नसलेलं मशीन गार असताना सगळं गोड चालतं, तापलं की चिप स्वतःचा वेग कमी करते. भाच्याच्या मशीनवर सुरुवातीला ३० टिकले आणि अर्ध्या तासानं मारामारीच्या जागी २३-२४ वर आले. नोव्हेंबरातली गोष्ट आहे ही. मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत आणखी खाली येणार हे गृहीत धरा. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, टेबलावर मागची बाजू थोडी उचलून ठेवा.

त्याच वेळी Activity Monitor मध्ये Memory चा भाग उघडून Memory Pressure चा आलेख बघा. हिरवा असेल तर निश्चिंत. पिवळा म्हणजे मेमरी कमी पडतेय आणि मॅक काही माल डिस्कवर सरकवतोय, शेजारी Swap Used चा आकडा वाढताना दिसेल. ब्राउझर बंद करून पुन्हा बघा. लाल झाला आणि खेळताना अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे झटके यायला लागले तर तो गेम त्या मशीनचा नाही. वेग कमी पडणं आणि झटके येणं यांत फरक आहे. पहिलं सेटिंग उतरवून सुधारतं. दुसरं मेमरीमुळे असेल तर चित्रांचा दर्जा उतरवून फारतर थोडं हलकं होतं.

भाच्याच्या मशीनवर आलेख ब्राउझर बंद केल्यावरही पिवळाच राहिला. आणि इथे मला माहीत असलेली एक गोष्ट निर्णायक ठरली: या गेमचा तिसरा अंक एका मोठ्या गजबजलेल्या शहरात घडतो आणि तो पहिल्या अंकापेक्षा बराच जड आहे. दोन तासांत आपण तिथवर पोचतच नाही. सुरुवातीलाच पिवळ्यात असलेला गेम साठ-सत्तर तासांनंतर ऐन रंगात आल्यावर अडकणार. आम्ही एक तास वीस मिनिटांवर थांबलो आणि पैसे परत मागितले. १६ जीबीचं मशीन असतं तर ठेवला असता.

स्टारड्यू व्हॅलीला असलं काहीच करावं लागत नाही. लहानसा गेम, मॅकवर व्यवस्थित, आणि बॅटरीवरही बराच वेळ चालतो. हेडीस, होलो नाइट असे गेमही त्याच बाजूचे. ८ जीबी एअरवाल्यानं आधी या अंगणात बघावं, इथे चांगले गेम एक-दोन नाहीत, पुष्कळ आहेत.

विंडोजचं सोंग: क्रॉसओव्हर

मॅक आवृत्ती नसलेल्या गेमसाठी क्रॉसओव्हर नावाचं सॉफ्टवेअर आहे. ते विंडोज टाकत नाही, विंडोजला विचारलेले प्रश्न मॅकला कळतील अशा भाषेत सांगतं. त्यात एक "बॉटल" बनवायची, म्हणजे विंडोजचं छोटं बंद जग, आणि त्यात विंडोजचं स्टीम टाकायचं. सॉफ्टवेअर विकतचं आहे, पण १४ दिवस फुकट वापरायला मिळतं. स्टीमची परतीची मुदतही १४ दिवसांचीच, तेव्हा दोन्ही एकाच दिवशी सुरू करा. व्हिस्की नावाचं फुकट साधन पूर्वी लोकप्रिय होतं. त्याचं काम २०२५ मध्ये थांबलं, म्हणून त्याचे जुने व्हिडिओ बघून बसू नका.

या वाटेवर एका गेमवर दोन-तीन दुभाषे बसतात आणि प्रत्येक जण मेमरी खातो. जीटीए फाइव्हची कथा भाच्याच्या मशीनवर कमी सेटिंगला चालली, पण गाडी जोरात पळवली की पुढचा रस्ता उशिरा उमटायचा. "मामा, रस्ता मागनं येतोय," म्हणाला. चालतंय म्हणायला चालतंय, पण पैसे घालण्यासारखं नाही. पोर्टल टूची विंडोज आवृत्ती मात्र याच बॉटलमध्ये छान चालली, कारण गेम जुना आणि हलका. म्हणजे ज्याची मॅक आवृत्ती मेली तो विंडोजच्या दारानं परत आला. क्रॉसओव्हर मला जुन्या, एकट्यानं खेळायच्या गेमसाठीच पटतं.

क्लाउड: गेम तिकडे, चित्र इकडे

आता यादीतलं पहिलं नाव. ईए एफसी मॅकवर नाही, सोंगातूनही नाही, पण गेम दुसऱ्याच्या मशीनवर चालला आणि आपल्याकडे फक्त चित्र आलं तर अँटी-चीटचा प्रश्नच उरत नाही. एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतात सुरू झालं. मॅकवर काही इन्स्टॉल करावं लागत नाही, ब्राउझरमध्ये xbox.com/play उघडायचं. त्यासाठी गेम पासचं सदस्यत्व लागतं. ईए कंपनीच्या ईए प्ले या सेवेतले गेम त्याच्या वरच्या, अल्टिमेट प्रकारात येतात. एफसीची नवी आवृत्ती दर सप्टेंबरात निघते आणि ईए प्लेमध्ये साधारण पुढच्या वर्षी येते. ताजे संघ, ताजे खेळाडू हवेत अशी अट असेल तर हे आधी समजून घ्या. आणि यादीतले गेम येतात तसे जातातही. सदस्यत्व म्हणजे भाडं, मालकी नव्हे.

कंट्रोलर लागतोच. एक्सबॉक्सचा किंवा प्लेस्टेशनचा वायरलेस कंट्रोलर मॅकला ब्लूटूथनं सरळ जोडता येतो.

पण सदस्यत्वाचे पैसे भरण्याआधी घरची लाइन तपासा. लोक वेग बघतात: "माझ्याकडे १०० एमबीपीएस आहे." त्यातले फारच थोडे लागतात. अंदाजासाठी एनव्हिडियाच्या जीफोर्स नाऊचे आकडे घ्या: ७२०पी चित्राला १५ आणि १०८०पी ला २५ एमबीपीएस. वेगापेक्षा उशीर महत्त्वाचा. त्याच सेवेची अट आहे की सर्व्हरपर्यंत जाऊन यायला ८० मिलिसेकंदांपेक्षा कमी लागावेत. काचेच्या तारेतून कोल्हापूरहून मुंबईला जाऊन यायला प्रकाशाला चार-पाच मिलिसेकंद पुरतात. बाकीचा उशीर लाइन देणाऱ्याच्या फिरत्या मार्गात होतो, आणि बऱ्याचदा आपल्याच घरात. म्हणून तपासणी घरातून सुरू करायची.

आधी राउटरपर्यंतचा रस्ता. राउटरचा पत्ता वेगळा असू शकतो, तो वायफायच्या सेटिंगमध्ये Router म्हणून दिसतो.

```
ping -c 100 192.168.1.1
```

शंभर ओळी येतील. प्रत्येकीच्या शेवटी time असतो. सगळे एक-आकडी असतील तर उत्तम. भाच्याकडे बहुतेक ओळी ३-४ च्या होत्या, पण मधेच ९०, ११० असे उसळायचे. हीच ती जागा जिथे पास द्यायला बटण दाबलं आणि खेळाडू अर्धा क्षण तसाच उभा राहिला. याला इंटरनेट कंपनी जबाबदार नाही, पिंग तर घराबाहेर गेलेलाच नाही.

कारणं दोन निघाली. लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झच्या जाळ्यावर होता, ज्यावर अख्ख्या अपार्टमेंटचे राउटर कोकलत असतात. तो ५ वर घेतला. दुसरं कारण खास मॅकचं: एअरड्रॉप आणि एअरप्ले यांसाठी मॅकचं वायफाय अधूनमधून दुसऱ्या चॅनेलवर डोकावून येतं. एअरड्रॉप आणि AirPlay Receiver बंद करून पुन्हा मोजा. तरी उसळ्या राहिल्या तर खेळण्यापुरतं हे करता येतं:

```
sudo ifconfig awdl0 down
```

मॅक ते थोड्या वेळानं आपोआप पुन्हा चालू करू शकतो, आणि बंद असताना एअरड्रॉप चालत नाही. यापेक्षा पक्का उपाय म्हणजे यूएसबी-सी ते लॅनचा अडॅप्टर आणि राउटरपासून ओढलेली केबल. दिसायला भिकार, पण एकदा लावली की विषय मिटतो.

मग घराबाहेरचा रस्ता. मॅकओएस १२ पासून हा आदेश मशीनमध्येच आहे:

```
networkQuality
```

यात वेगाखाली Responsiveness म्हणून एक आकडा येतो, RPM मध्ये. लाइन भरलेली असताना मिनिटाला किती फेऱ्या होतात तो हा आकडा. ६०,००० ला त्यानं भागलं की मिलिसेकंद मिळतात. ६०० आला तर १०० मिलिसेकंद, ३०० आला तर २००. हा ताणाखालचा आकडा आहे, म्हणजे घरात दुसरं कोणी काही उतरवत असताना काय होईल ते सांगणारा. सकाळी एकदा आणि रात्री नऊला एकदा मोजा. दिवसा चकाचक असणारी लाइन रात्री सगळी गल्ली वेब सिरीज बघायला बसली की मान टाकते, आणि खेळायचं तर रात्रीच असतं. रात्रीचा आकडा खराब आला तर वर्षाचं सदस्यत्व घेऊ नका, एक महिन्याचंच घ्या.

मोबाइल हॉटस्पॉटवर हा प्रकार करू नये. २० एमबीपीएसचं चित्र तासाला साधारण ९ जीबी खातं. रोजचे २ जीबी असलेला पॅक तेरा मिनिटांत संपला. घरच्या फायबरवर रोज दोन तास धरले तर महिन्याला ५४० जीबी. तुमच्या प्लॅनची महिन्याची मर्यादा एकदा बघून घ्या.

आणि लाईट. पावसाळ्यात लाईट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, पण राउटर बंद, म्हणजे गेम बंद. राउटरसाठी मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावला तर निदान आपल्या घरापुरता प्रश्न सुटतो. पुढे लाइनवाल्याचं खांबावरचं यंत्र बंद पडलं तर इलाज नाही. क्लाउडवर खेळणाऱ्यानं जुलै-ऑगस्टसाठी स्टारड्यूसारखा एखादा गेम मशीनवर उतरवून ठेवावा.

सगळं नीट असलं तरी क्लाउडवर एफसी कसा खेळायचा यालाही मर्यादा आहे. कॉम्प्युटरविरुद्ध किंवा करिअर मोडमध्ये थोडा उशीर हाताला सवयीचा होतो, दोन-तीन सामन्यांत बटण थोडं आधी दाबायची लय बसते. ऑनलाइन दुसऱ्या माणसाविरुद्ध मात्र दोन उशिरांची बेरीज होते, आपल्यापासून क्लाउडपर्यंतचा एक आणि तिथून सामन्याच्या सर्व्हरपर्यंतचा दुसरा. पेनल्टी अडवायला उडी मारेपर्यंत चेंडू जाळीत असतो. मित्रांशी पैज लावून खेळायचं असेल तर त्यांच्याच घरी जाऊन त्यांच्याच मशीनवर बसावं.

भाच्याच्या कागदाचं काय झालं

स्टारड्यू व्हॅली स्टीमवर विकत घेतला, बहीण खूश. बाल्डर्स गेट परत केला, आणि एसएसडीवर आता कॉलेजचे प्रोजेक्ट आहेत. जीटीए परत केला. पोर्टल टूसाठी क्रॉसओव्हर विकत घ्यायचं का यावर बरीच चर्चा झाली. मी म्हटलं, १४ दिवस फुकट आहेत, तेवढ्यात गेम संपव. त्यानं नऊ दिवसांत संपवला. व्हॅलोरंट गेला.

एफसीसाठी एक महिन्याचं सदस्यत्व घेतलं. राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत केबल टाकली, दाराच्या फटीतून. रात्री नऊचा आकडा पहिल्या आठवड्यात तीन वेळा मोजला, दोनदा चांगला आला, एकदा वाईट. वाईट आला त्या रात्री शेजारच्या खोलीत आमच्या घरचेच कोणीतरी फोनचा बॅकअप टाकत होते. आता खेळायच्या वेळी तो आधी ओरडून विचारतो, "कोण काय डाउनलोड करतंय काय?" डिसेंबरात दुसऱ्या महिन्याचे पैसे भरायचे का विचारायला त्याचा फोन आला. शाहू स्टेडियमवर सामने चालू झालेत, संध्याकाळी तिकडंच असतो म्हणाला. मग नको भरू म्हटलं, सीझन संपला की बघू.